रेटिंगच्या आधी ठरलेला आकडा

जानेवारीच्या मध्यावर हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या बहुतेक ऑफिसांत एकच काम चाललेलं असतं. वर्षभरात आपण काय केलं, हे प्रत्येक जण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहीत असतो. कोणी जुन्या ईमेल उकरून काढतो, तर कोणी ग्राहकाने धाडलेलं कौतुकाचं पत्र शोधतो. मॅनेजर हे सगळं वाचणार, रेटिंग देणार, आणि त्यावरून पगारवाढ ठरणार, असा सर्वसाधारण समज असतो.

याच आठवड्यांत त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर फायनान्स आणि एचआरची माणसं एका एक्सेल फाइलवर बसलेली असतात. तिथे पुढच्या वर्षीच्या पगारवाढीचा एकूण आकडा लिहून होतो. कोणाला कोणतं रेटिंग मिळणार, किती जणांना बढती मिळणार, यांतलं काहीच तेव्हा ठाऊक नसतं. तरीही इन्क्रिमेंट आणि बढत्या धरून कंपनी पुढच्या वर्षी नेमके किती रुपये जास्त देणार, हे ठरून जातं. एप्रिल-मे महिन्यांत रेटिंग येतात ती या आकड्याची वाटणी करायला. आकडा तोवर संचालक मंडळाच्या मंजुरीने पक्का झालेला असतो.

हे ऐकून अनेकांना फसवल्यासारखं वाटतं. पण आकडा आधी ठरण्यात मुळात काही लबाडी नाही. लबाडी, किंवा निदान घोळ, पुढच्या टप्प्यात होतो, आणि तो कुठे होतो हे कळायला पैशांचा हिशेब थोडा जवळून पाहावा लागतो.

आधी ठरवण्याचं कारण साधं आहे. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. त्याआधी कंपनीला वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावं लागतं, आणि सेवाक्षेत्रातल्या कंपनीत सगळ्यात मोठा खर्च माणसांचा असतो. टीसीएससारख्या कंपनीच्या उत्पन्नातला अर्ध्याहून अधिक भाग कर्मचाऱ्यांवर खर्च होतो. एवढ्या मोठ्या खर्चाचा आकडा ‘रेटिंग आल्यावर बघू’ म्हणून मोकळा सोडता येत नाही. ग्राहकांना पुढच्या वर्षाचे दर सांगायचे असतात, नव्या भरतीचा अंदाज बांधायचा असतो, बँकेला कागद दाखवायचे असतात.

सरकारी नोकरीत हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सुटलेला आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दर वर्षी तीन टक्क्यांच्या हिशेबाने पुढचं घर मिळतं. सहाव्या स्तरावर 35,400 रुपये मूळ वेतन असणाऱ्याचं पुढचं घर 36,500 चं. त्याला सातव्या स्तरावर बढती मिळाली, तर आधी एक वेतनवाढ धरायची आणि मग वरच्या स्तरात तितकं किंवा त्याहून मोठं असलेलं घर शोधायचं. सातव्या स्तराची सुरुवातच 44,900 पासून होत असल्याने तो थेट तिथे जातो. शिवाय बढतीसाठी वरचं मंजूर पद रिकामं असावं लागतं. त्यामुळे कामगिरीचे अहवाल येण्याआधीही खर्च जवळजवळ रुपयापर्यंत मांडता येतो. खासगी कंपनीत असा तक्ताही नसतो आणि मंजूर पदांची अशी घट्ट चौकटही नसते. तिथे रक्कम आधी बांधून टाकणं हाच खर्चाला आवर घालण्याचा मार्ग उरतो.

ही रक्कम बांधतात कशी, हे एका काल्पनिक पण नेहमीच्या आकाराच्या कंपनीवरून पाहू. चाकणला यंत्रांचे भाग बनवणारी एक कंपनी आहे. कारखान्यातल्या कामगारांचा पगार युनियनबरोबर झालेल्या काही वर्षांच्या करारावर चालतो, म्हणून ते या हिशेबाच्या बाहेर. उरले ऑफिस, डिझाइन, गुणवत्ता, विक्री आणि देखभाल या विभागांतले 110 पगारदार. त्यांतले दहा जण ऑक्टोबरनंतर रुजू झालेले आहेत आणि कंपनीच्या नियमानुसार त्यांना या वर्षी वाढ नाही. म्हणजे पात्र माणसं 100. त्यांचा सरासरी वार्षिक पगार दहा लाख धरला, तर एकूण पगारबिल दहा कोटींचं.

आता टक्का ठरवायचा. त्यासाठी कंपन्या बाजाराकडे पाहतात. एऑनसारख्या सल्लागार संस्था दर वर्षी भारतातल्या पगारवाढीचं सर्वेक्षण करतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांचा सरासरी आकडा नऊ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. आपल्या कंपनीनेही नऊ टक्के धरले. दहा कोटींचे नऊ टक्के म्हणजे 90 लाख. इन्क्रिमेंट असो की बढती, पुढच्या वर्षी सगळं या 90 लाखांतून.

पहिली चूक इथेच होऊ शकते, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. टक्का लावताना अपात्र दहा जणांचा पगारही धरला, तर पगारबिल अकरा कोटींचं होतं आणि रक्कम 99 लाखांची. वरचे नऊ लाख कोणाच्याच वाट्याचे नसल्याने ते गुपचूप बाकीच्यांत वाटले जातात, आणि त्या वर्षी सगळे खूश असतात. पुढच्या वर्षी तेच दहा जण पात्र होतात, फुकटची ऐसपैस जागा नाहीशी होते, आणि टक्का तेवढाच असूनही हातात कमी का पडलं, याचा उलगडा कोणाला होत नाही.

90 लाखांची रक्कम ठरली, पण ती पुरेल की नाही हे दोन अंदाजांवर अवलंबून आहे. एक, कोणतं रेटिंग किती जणांना मिळेल. दोन, किती जणांना बढती मिळेल.

आपल्या कंपनीने बढत्यांचा अंदाज आठ धरला. बढतीच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा सरासरी पगार नऊ लाख, आणि नेहमीच्या वाढीच्या वर बढतीचे म्हणून दहा टक्के. आठ जणांचे मिळून 7 लाख 20 हजार रुपये होतात. 90 लाखांतून ते वजा केले की नेहमीच्या इन्क्रिमेंटसाठी 82 लाख 80 हजार उरतात, म्हणजे पगारबिलाचे 8.28 टक्के. रेटिंगचा अंदाज असा केला की शंभरात पंधरा जण सर्वोत्तम ठरतील, पंचवीस चांगले, पन्नास अपेक्षेइतके आणि दहा जण अपेक्षेपेक्षा कमी. त्यांना अनुक्रमे तेरा, दहा, साडेसात आणि शून्य टक्के द्यायचे ठरले. सगळ्यांचा पगार सारखा मानून बेरीज केली तर 82 लाख येतात. रक्कम पुरली, वर ऐंशी हजार शिल्लकही राहिले.

मग एप्रिल उजाडतो आणि खरी रेटिंग येतात. मॅनेजर आपल्या माणसांकडे सहसा मायेने पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. वर्षभर ज्यांच्याबरोबर रात्री जागून काम उरकलं, त्यांना ‘अपेक्षेइतकं’ म्हणणं जड जातं. पंधराऐवजी बावीस जण सर्वोत्तम निघतात, तेहतीस चांगले, चाळीस अपेक्षेइतके, आणि कमी कामगिरीचे फक्त पाच. ठरलेले टक्के लावले तर खर्च 82 लाखांवरून 91 लाख 60 हजारांवर जातो. बढत्यांच्या शिफारशी आठऐवजी चौदा येतात आणि त्यांचा खर्च 12 लाख 60 हजार होतो. दोन्ही मिळून 1 कोटी 4 लाख 20 हजार. मंजूर आहेत 90 लाख. सव्वाचौदा लाखांच्या आसपास तूट.

ही तूट कशी भरून काढली जाते, यावर त्या कंपनीतला विश्वास टिकतो किंवा उडतो. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे रेटिंगच मागे फिरवणं. एचआर विभागप्रमुखांना बोलावतो, ‘कॅलिब्रेशन’ची बैठक होते, आणि वेगवेगळ्या मॅनेजरांनी दिलेली रेटिंग एका मापाने तपासली जातात. बैठक हवीच, एका मॅनेजरचं ‘सर्वोत्तम’ दुसऱ्याचं ‘चांगलं’ असू शकतं. पण बैठकीत पगाराचा रकाना उघडा असला, तर चर्चा माणसाच्या कामावरून रकमेवर घसरते. बावीसचे पंधरा होईपर्यंत नावं खाली सरकवली जातात. मग मॅनेजर आपल्या माणसाला समोर बसवून त्याच्या कामात न दिसलेल्या उणिवा शोधून सांगतो, कारण खरं कारण सांगायची त्याला परवानगी नसते. ज्याने वर्षभर जीव ओतून काम केलं, त्याच्या कागदावर खोटा शेरा राहतो. तो शेरा पुढच्या बढतीच्या वेळी पुन्हा वाचला जातो. पैसे कमी पडणं समजून घेता येतं. पैसे कमी पडले म्हणून माणसाला कमी ठरवणं हा अन्याय आहे.

हे घडलंय हे ओळखायची खूण सोपी आहे. मॅनेजरने आधी नोंदवलेली रेटिंग आणि शेवटची रेटिंग शेजारी ठेवून पाहावीत. बदल दोन्ही दिशांना झाले असतील, काही वर गेली आणि काही खाली आली, तर मापं खरोखर जुळवली गेली आहेत. जवळजवळ सगळे बदल खालच्याच दिशेला असतील, आणि ते नेमके रक्कम बसेल तिथे थांबले असतील, तर रेटिंग पगाराच्या मापाने कापली गेली आहेत.

यावर दुसऱ्या टोकाचा उपाय म्हणजे आधीच कोटा बांधणं: सर्वोत्तम इतकेच, कमी कामगिरीचे इतके असलेच पाहिजेत. यालाच ऑफिसच्या भाषेत ‘बेल कर्व्ह’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने अनेक वर्षं चालवलेली अशी पद्धत नोव्हेंबर 2013 मध्ये मोडीत काढली. 2015 मध्ये इन्फोसिसनेही बेल कर्व्ह सोडला. मायक्रोसॉफ्टच्या निर्णयातला एक तपशील फारसा बोलला जात नाही. कोटा गेला, पण रकमेची मर्यादा गेली नाही. मॅनेजरांना सांगितलं गेलं की आपल्या माणसांच्या कामाप्रमाणे बक्षिसांची वाटणी हवी तशी करा, फक्त दिलेल्या बजेटच्या आत राहा. म्हणजे रक्कम आधी बांधलेलीच राहिली. सुटली ती माणसांवर लादलेली टक्केवारी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ज्या कंपनीला उमगलं, तिने अर्धा प्रश्न सोडवला.

उरलेला अर्धा सोडवायचा तर जानेवारीत टक्के जाहीर करायचे नाहीत, भाग जाहीर करायचे. आपल्या चाकणच्या कंपनीने ‘सर्वोत्तमला तेरा टक्के’ असं आधी ठरवलं, म्हणून ती अडचणीत आली. त्याऐवजी तिने असं ठरवायला हवं होतं की अपेक्षेइतकं काम करणाऱ्याला एक भाग, चांगल्याला दीड, सर्वोत्तमला दोन आणि कमी कामगिरीला शून्य. एका भागाची किंमत रेटिंग आल्यावर ठरेल.

किंमत काढायला फार गणित लागत नाही. प्रत्येकाचा पगार त्याच्या भागाने गुणायचा, सगळ्यांची बेरीज घ्यायची आणि इन्क्रिमेंटच्या रकमेला तिने भागायचं. रेटिंग अंदाजाप्रमाणे आली असती, तर बेरीज 11 कोटी 75 लाख झाली असती आणि 82 लाख 80 हजारांतून एका भागाला सुमारे 7 टक्के मिळाले असते. सर्वोत्तमला 14, चांगल्याला साडेदहाच्या जरा वर. प्रत्यक्षात आलेल्या उदार रेटिंगनुसार बेरीज 13 कोटी 35 लाख होते. चौदा बढत्यांनंतर रक्कमही 77 लाख 40 हजारांवर आलेली असते. मग एका भागाला मिळतात 5.8 टक्के, चांगल्याला 8.7 आणि सर्वोत्तमला 11.6.

आकडे खाली आले, यात शंका नाही. पण कोणाचंही रेटिंग बदलावं लागलं नाही. उदारपणे रेटिंग दिली की भाग स्वस्त होतो, हे मॅनेजरांना एका वर्षात स्वतःच कळतं, आणि पुढच्या वर्षी ते आपापसांत जास्त प्रामाणिकपणे बोलतात. कर्मचाऱ्यालाही खरं कारण सांगता येतं: तुमचं काम सर्वोत्तम होतं, तुम्हाला दोन भाग मिळाले, या वर्षी भागाची किंमत एवढी आली. यात कडू काही असेल तर ते कंपनीच्या रकमेबद्दल आहे, माणसाबद्दल नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. वरच्या हिशेबात सगळ्यांचा पगार सारखा धरला आहे. प्रत्यक्षात वीस लाखांच्या माणसाचा एक भाग सहा लाखांच्या माणसाच्या तिप्पटीहून महाग पडतो. वरच्या फळीतल्या चार-पाच जणांना सर्वोत्तम ठरवलं, तर तळातल्या कित्येकांच्या भागाची किंमत उतरते. म्हणून समजदार कंपन्या वरिष्ठांची रक्कम आधीच बाजूला काढतात आणि बाकीच्यांचा भाग त्यांच्याशी बांधत नाहीत.

आता बढतीकडे. एकच रक्कम ठेवण्यामागचं कारण बढतीतच दडलेलं आहे. बढत्यांसाठी वेगळी थैली ठेवली की ती रिकामी करण्याचा मोह होतो. एखाद्याला जास्त पैसे द्यायचे आहेत पण इन्क्रिमेंटमध्ये जागा नाही, मग त्याला ‘सीनियर’ करून टाकायचं. काही वर्षांत त्या विभागात सीनियर जास्त आणि ज्युनियर कमी होतात. कामं तीच राहतात, हुद्दे बदलतात. एकच रक्कम असली की प्रत्येक बढतीची किंमत इतरांच्या वाढीतून दिसते, आणि मॅनेजर विचार करून नाव पाठवतो. हा युक्तिवाद खरा आहे.

पण ही एक रक्कम कोणत्या पातळीवर ठेवायची, यावर सगळं अवलंबून असतं. समजा, कंपनीने 90 लाख जसेच्या तसे विभागांना पगारबिलाच्या प्रमाणात वाटून टाकले. गुणवत्ता विभागात चार माणसं आहेत. पगार बारा, दहा, नऊ आणि नऊ लाख. एकूण चाळीस लाख, नऊ टक्क्यांनी 3 लाख 60 हजार. बारा लाखांच्या ताईंनी वर्षभरात तपासणीची सगळी व्यवस्था नव्याने उभी केली, त्यांना बढती मिळायलाच हवी. त्यांची नेहमीची वाढ आठ टक्के आणि बढतीचे दहा, मिळून अठरा टक्के, म्हणजे 2 लाख 16 हजार. उरले 1 लाख 44 हजार, आणि त्यात तिघं, ज्यांचा एकूण पगार अठ्ठावीस लाख आहे. त्यांच्या वाट्याला सव्वापाच टक्केही येत नाहीत. शेजारच्या विभागात कोणालाच बढती नव्हती, तिथे सरासरी नऊ टक्के मिळाले.

म्हणजे ज्या मॅनेजरने एक माणूस घडवला, त्याच्या बाकीच्या माणसांना त्याची शिक्षा झाली. आणि त्या तिघांनाही कळतं की ताईंचं पत्र त्यांच्या खिशातून आलं. अशा विभागात पुढच्या वर्षी मॅनेजर बढतीचं नाव पाठवताना दोनदा विचार करतो, आणि लायक माणूस दुसऱ्या कंपनीत जाऊन ती बढती मिळवतो.

उपाय रक्कम मोडण्याचा नाही, वाटणीचा क्रम बदलण्याचा आहे. बढत्यांचे 7 लाख 20 हजार कंपनीच्या पातळीवरच बाजूला काढायचे आणि विभागांना 8.28 टक्के द्यायचे. गुणवत्ता विभागाला 3 लाख 31 हजार मिळतात, ताईंचे बढतीचे 1 लाख 20 हजार वरून येतात, आणि त्यांची नेहमीची वाढ वजा केली तरी तिघांना 8.4 टक्के मिळतात. एकूण खर्च तोच. बढत्या आठऐवजी चौदा झाल्या, तर त्याचा भार शंभर जणांवर पसरतो: दहा लाखांच्या माणसाला वर्षाकाठी 5,400 रुपये, महिन्याला साडेचारशे. तो भार तिघांवर पडण्यापेक्षा शंभरांवर पडणं न्याय्य आहे, आणि तो सगळ्यांना दिसत असल्याने चौदा नावांची चर्चाही कंपनीभर होते.

बढत्यांचा अंदाज आठ कुठून आला, हा प्रश्न जानेवारीतच विचारायला हवा. नुसता गेल्या वर्षीचा आकडा उचलणं धोक्याचं असतं. पाच वर्षांपूर्वी एकदम मोठी भरती झाली असेल, तर ती सगळी तुकडी एकाच सुमारास बढतीच्या रांगेत येते आणि त्या वर्षी आठचे चौदा होतात. ही लाट कोणाच्या रेटिंगवर अवलंबून नसते. रुजू होण्याच्या तारखांची यादी काढली तर दोन वर्षं आधी दिसते. रेटिंगचा अंदाज चुकणं समजू शकतं. तारखांचा चुकणं हा निव्वळ आळस.

लाट आली आणि पैसे नसले, तर कंपन्या आणखी एक वाट धरतात. हुद्दा आत्ता, पैसे नंतर. पत्रात नवं पदनाम येतं, कामाचा व्याप वाढतो, पण पगारात फक्त नेहमीची वाढ असते. ‘पुढच्या सायकलमध्ये बघू’ असं तोंडी सांगितलं जातं. पुढच्या वर्षी त्या माणसाचा पगार नव्या हुद्द्याच्या किमान पगाराहूनही खाली असतो, आणि तो वर आणायला लागणारे पैसे पुन्हा त्या वर्षीच्या रकमेतून जातात. तूट भरून निघालेली नसते, फक्त पुढे सरकलेली असते. याच्या अगदी उलट मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये केलं. त्या वर्षी पगारी कर्मचाऱ्यांची नेहमीची वाढ थांबवली गेली, पण बोनस आणि शेअरबरोबर बढत्यांचं बजेट चालू ठेवलं गेलं. वाढ नाही हे लोकांना आवडलं नसणारच, तरी नवी जबाबदारी घेणाऱ्याला तिचे पैसे मिळाले.

तारखेचा हिशेबही याच रकमेत गुंतलेला असतो, आणि तिथे शिकलेल्या माणसांचीही गफलत होते. 90 लाख हा पूर्ण वर्षाचा आकडा आहे. वाढ 1 एप्रिलऐवजी 1 जुलैपासून लागू झाली, तर या आर्थिक वर्षात नऊच महिन्यांचे, म्हणजे साडेसदुसष्ट लाख जातात. उरलेले साडेबावीस लाख शिल्लक दिसतात. एखादा विभागप्रमुख म्हणतो, पैसे उरलेत तर दोन माणसांना आणखी देऊ या. पण ते उरलेले नाहीत. पुढच्या वर्षी एप्रिल ते जून हे तीन महिने तीच वाढ द्यायची आहे. कोणालाही एक रुपया नव्याने न वाढवता पुढच्या वर्षीचा पगारखर्च दोन टक्क्यांहून जास्त वाढतो. ही रक्कम बाजूला न ठेवता नवे नऊ टक्के मंजूर केले, तर पुढच्या वर्षी रकमेला कात्री लागणं ठरलेलं.

तारीख पुढे ढकलणं हा मोठ्या कंपन्यांचाही नेहमीचा मार्ग आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसमध्ये वाढ बहुधा एप्रिलपासून मिळत आली. एप्रिल 2025 मध्ये कंपनीने बाजारातल्या अनिश्चिततेमुळे निर्णय पुढे ढकलला, आणि ऑगस्टमध्ये सुमारे ऐंशी टक्के कर्मचाऱ्यांना 1 सप्टेंबरपासून वाढ जाहीर केली. सहा लाखांच्या आसपास माणसं असलेल्या कंपनीत पाच महिन्यांचा फरक म्हणजे फार मोठी रक्कम. चाकणच्या कंपनीने तेच केलं असतं, तर या वर्षी 90 ऐवजी साडेबावन्न लाख गेले असते. टक्का तोच, पत्रावरचा आकडाही तोच, पण पाच महिन्यांचा पैसा कर्मचाऱ्याला मिळालेला नाही. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना नुसता टक्का पाहून चालत नाही. एका वाढीपासून दुसऱ्या वाढीपर्यंत किती महिने गेले, हे मोजावं लागतं. नऊ टक्के बारा महिन्यांनी मिळाले की सतरा महिन्यांनी, यात घरखर्चाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

या सगळ्या काटेकोर हिशेबाला एक मोठी फट आहे, आणि ती अशी की नव्या भरतीचा पैसा या रकमेतून जात नाही. गुणवत्ता विभागातल्या ताईंना बढती नाकारली आणि त्या सोडून गेल्या, तर त्यांची जागा भरायला भरतीच्या बजेटातून बाहेरचा माणूस घेतला जातो, आणि नोकरी बदलणारा माणूस चांगल्या वाढीवाचून येत नाही. ज्या कंपनीला 1 लाख 20 हजार जास्त वाटले, ती त्याच कामासाठी तीन लाख जास्त देते. वर नवा माणूस तयार व्हायला काही महिने लागतात. पगारवाढीच्या रकमेत मात्र बचत झालेली दिसते, कारण जाणाऱ्याचा वाटाही तिथेच पडून राहतो.

हे टाळायचं तर दोन बजेटं एका टेबलावर आणावी लागतात. वर्षअखेरीला एचआरने एक साधी यादी करावी: गेल्या बारा महिन्यांत बढतीच्या शिफारशीत ज्यांची नावं होती पण ज्यांना ती मिळाली नाही, त्यांपैकी किती जण गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना किती दिलं. चाकणच्या कंपनीत सहा नावं नाकारून साडेपाच लाखांच्या आतबाहेर वाचले असते. त्यांतले दोघं जरी गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना प्रत्येकी तीन लाख जास्त द्यावे लागले, तरी वाचलेले सगळे पैसे तिथेच गेले. ही यादी जानेवारीत संचालक मंडळासमोर 90 लाखांच्या आकड्याशेजारी ठेवली, तर बढत्यांसाठी आठ धरायचे की अकरा, यावरची चर्चा मागच्या वर्षीच्या खऱ्या आकड्यांवर होते, आणि तीही फेब्रुवारीत, जेव्हा रक्कम अजून बदलता येते.